दुकानाचा क्यूआर: बचत खात्याचा की व्यापारी?

सोलापूरच्या नवी पेठेत आमचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. आधी गल्ल्यावर माझ्या बचत खात्याचाच क्यूआर होता, नंतर व्यापारी क्यूआर घेतला. दोन्हींतला खरा फरक रात्री हिशोबाला बसलं की कळतो.

बचत खात्याच्या क्यूआरला वेगळी कागदपत्रं लागत नाहीत आणि पैसे लगेच खात्यात पडतात. पण मेहुण्याने परत केलेले हातउसने पैसेही त्याच खात्यात येतात, आणि ते विक्रीतून वेगळे काढत बसावं लागतं. मेसेज माझ्या फोनवर येतो, त्यामुळे मी बाहेर असलो की गल्ल्यावरचा मुलगा गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर विश्वास ठेवून माल देतो. यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्डही या क्यूआरवर चालत नाही.

व्यापारी क्यूआरला पॅन, बँक खातं आणि बहुधा दुकानाचा पुरावा लागतो. गिऱ्हाइकाने बँक खात्यातून यूपीआय केलं तर दुकानदाराला शुल्क नाही, ही सवलत जानेवारी 2020 पासून आहे. साउंडबॉक्सचं भाडं मात्र बहुतेकदा द्यावं लागतं. आमचे पैसे दुसऱ्या दिवशी एकगठ्ठा जमा होतात. म्हणून रात्री बँकेचं खातं बघू नका, ॲपमधला त्या दिवसाचा अहवाल बघा. बँकेत आलेली रक्कम सकाळी त्याच अहवालाशी ताडायची.

आमचा एका दिवसाचा हिशोब असा. बिलबुकात विक्री 18,640. त्यात उधारी 1,500 वजा केली, जुनी वसुली 800 मिळवली, म्हणजे 17,940 यायला हवे होते. गल्ल्यात 7,480 होते. त्यातले सकाळचे सुट्टे 1,000 काढले, हमालीला दिलेले 200 परत धरले, तर रोख 6,680. ॲपमध्ये 10,810. एकूण 17,490, म्हणजे 450 कमी.

आमच्या बिलावर रोख, क्यूआर किंवा उधार अशी खूण असते. क्यूआरची बिलं अहवालातल्या रकमांशी एकेक ताडली, तेव्हा संध्याकाळचं टॉवेलचं एक बिल जुळेना. गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर व्यवहार प्रलंबित होता, साउंडबॉक्स बोललाच नव्हता, आणि गर्दीत मुलाने पिशवी देऊन टाकली. आता साउंडबॉक्स गप्प राहिला तर मुलगा ॲपमध्ये रक्कम बघतो आणि त्या व्यवहाराच्या यूटीआर क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बिलावर लिहितो. त्याच्या फोनवर ॲपचा मर्यादित प्रवेश दिलाय. बचत खात्यात ही सोय करता आली नसती.

दिवसाला दहा-पंधरा व्यवहार असतील आणि गल्ल्यावर तुम्ही स्वतःच बसत असाल, तर बचत खात्याचा क्यूआर निभावून जाईल. दुसरा माणूस गल्ल्यावर बसणार असेल तर मी व्यापारीच घ्या म्हणेन. घेताना एक विचारून घ्या: जमा करण्यासाठी दिवस किती वाजता तोडतात? मध्यरात्री तोडत असतील तर बरं. संध्याकाळी तोडत असतील तर एका दिवसाची विक्री दोन जमा रकमांत विभागली जाते, आणि गड्ड्याच्या यात्रेतल्या गर्दीत ती जुळवताना फार त्रास होतो.