टाकीच्या आतला फोटो पाठवला आणि १,४५० रुपये गेले

आमच्या कमोडमध्ये रात्रंदिवस पाण्याची बारीक धार चालू होती. टाकीचं झाकण काढलं, आतल्या फ्लश व्हॉल्वचा वरून फोटो घेतला आणि सुटे भाग घरपोच पाठवणाऱ्या एका विक्रेत्याला व्हॉट्सॲपवर पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं, "ताई, हाच बसेल, ओरिजिनल आहे." पैसे आधीच घेतले, १,४५०. त्याने एकही माप विचारलं नाही, तिथेच मला शंका यायला हवी होती.

कारण वरून बघितलं तर बरेचसे दोन बटणांचे व्हॉल्व सारखेच दिसतात. पांढरा उभा खांब आणि बाजूला जादा पाणी वाहून जायची नळी. खरा फरक तळाशी असतो, म्हणजे रबरी वॉशरचं माप, खालच्या बैठकीत अडकायचे खाच-दात आणि टाकीच्या भोकातून खाली जाणारे आटे. यातलं काहीच माझ्या फोटोत नव्हतं.

पार्सल आलं. खोक्यावर कंपनीचं स्टिकर होतं, पण आतल्या प्लास्टिकवर कुठेच नाव कोरलेलं नव्हतं. आमच्या जुन्या व्हॉल्ववर ते ठसठशीत आहे. नवा खांब जुन्या बैठकीत अडकेना, म्हणून बैठकही बदलायची ठरली. आमची टाकी कमोडवर बसवलेली, त्यामुळे प्लंबरने ती उचलून काढली, त्याचे ५०० वेगळे. नव्या बैठकीचे आटे भोकापेक्षा मोठे निघाले, आत जाईनात. विक्रेता म्हणाला, "खोकं उघडलंय, परत घेत नाही." मग फोन उचलणंच बंद केलं.

शेवटी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्या काकांनी जुना व्हॉल्व घेऊन यायला सांगितलं. आमचा खांब डावीकडे पाव वळण दिलं की सुटतो, बैठक टाकीतच राहते. (आधी अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी करा.) काकांनी तो उलटा करून वॉशर दाखवला. कडक झालेला, कडेला खोल चरा पडलेला. तसाच वॉशर ४० रुपयांना मिळाला आणि धार थांबली.

तेव्हा आधी दोष नेमका कुठे आहे ते बघा. पाणी जादा पाणी वाहून जायच्या नळीच्या तोंडातून आत पडत असेल, तर फ्लश व्हॉल्वला हात लावू नका; पाणी भरणारा व्हॉल्व वेळेवर बंद होत नाहीये. पातळी नळीच्या खाली असेल, तर टाकीत कपड्यांची थोडी नीळ टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये निळं पाणी उतरलं, तर बहुधा तळाचा वॉशर गेलाय.

फोटो पाठवायचाच असेल तर व्हॉल्व बाहेर काढून, उलटा करून, शेजारी पट्टी ठेवून काढा. प्लास्टिकवर कोरलेलं नाव आणि नंबर जवळून घ्या. विक्रेत्याकडूनही पाठवायच्या नगाचा तसाच खालून काढलेला फोटो मागवा, मगच पैसे द्या.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे, बनावट किंवा सांगितल्यापेक्षा वेगळा निघालेला माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. त्याचा "हाच बसेल" हा मेसेज मी तक्रारीला जोडला आहे.