काउंटर, रँडम की हॅश? यूआरएल शॉर्टनरच्या डिझाइन राउंडमधला खरा निर्णय

मुलाखतीत यूआरएल शॉर्टनरचा, म्हणजे लांब वेब पत्त्याला लहान कोड देणाऱ्या सेवेचा, प्रश्न आला की बहुतेक उमेदवार दहा मिनिटांत बोर्डावर लोड बॅलन्सर, रेडिस आणि काफ्काचे चौकोन काढून मोकळे होतात. बोर्ड भरलेला दिसतो, पण डेटाबेस कोणता घ्यायचा आणि का, असं विचारलं की अडखळायला होतं. कारण त्याआधीचा एक निर्णय झालेलाच नसतो: लहान कोड येणार कुठून? मोजून, रँडम, की मूळ पत्त्याचा हॅश काढून? तिन्ही पद्धती एकाच उदाहरणावर घासून बघू.

आधी काय विचारून घ्यायचं

रोज किती नव्या लिंक, एक लिंक साधारण किती वेळा उघडली जाते आणि ती किती वर्षं जपायची, हे तर विचाराच. दोन प्रश्न मात्र हमखास राहून जातात. दुसऱ्याची लिंक कुणी अंदाजाने उघडली तर चालेल का? आणि लोकांना स्वतःच्या पसंतीचा कोड घेता यायला हवा का? पुढे सगळं याच दोहोंवर अडतं.

समजा उत्तर असं मिळालं: रोज १० लाख नव्या लिंक, प्रत्येक नव्या लिंकमागे १०० वेळा उघडणं, मुदत पाच वर्षं. म्हणजे सेकंदाला साधारण १२ नव्या नोंदी आणि सरासरी १,१६० रीडायरेक्ट. गर्दीच्या वेळी पाचपट धरलं तरी सहा हजारांच्या आत. पाच वर्षांत १८२ कोटी ५० लाख नोंदी होतील. एका नोंदीला ५०० बाइट धरले तर ९०० जीबीच्या आसपास. मला हे आकडे मोठे वाटत नाहीत, आणि मुलाखतीत तसं स्पष्ट बोलून दाखवावं. सेकंदाला १२ लिहिण्यांसाठी शार्डिंग काढून दाखवणारा उमेदवार स्वतःचाच हिशेब वाचत नाही, असं समोरच्याला वाटतं.

अंक, लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरं धरून ६२ चिन्हं होतात. सहा अक्षरांत सुमारे ५,६८० कोटी कोड बसतात, सात अक्षरांत सुमारे ३.५२ लाख कोटी. १८२ कोटींना सहा अक्षरंही पुरतात. तरी सात का घ्यायची, ते टकरीच्या, म्हणजे दोन पत्त्यांना एकच कोड मिळण्याच्या, हिशेबात दिसतं.

हॅश: दिसायला देखणा, वागायला कटकटीचा

मूळ पत्त्याचा एमडी५ काढायचा आणि बेस-६२ करून शेवटची सात अक्षरं घ्यायची. फायदा एकच, पण खरा: तोच पत्ता पुन्हा आला तर तोच कोड निघतो, जागा वाचते.

अडचण तोडलेल्या अक्षरांत आहे. सात अक्षरं ठेवली तर साधारण २२ लाख लिंक झाल्यावर कुठेतरी एक टक्कर झालेली असण्याची शक्यता निम्मी होते. आपल्या उदाहरणात हा तिसरा दिवस. पाच वर्षांत अशा सुमारे पावणेपाच लाख टकरी होतील. सहाच अक्षरं घेतली असती तर हा आकडा तीन कोटींच्या जवळ गेला असता.

टक्कर झाल्यावर पुन्हा हॅश काढून उपयोग नाही, तोच कोड येणार. पत्त्याला काही जादा अक्षरं, म्हणजे सॉल्ट, जोडून नवा हॅश काढावा लागतो. शिवाय कोड आधीच आहे म्हणजे नक्की काय झालं, तोच पत्ता परत आला की वेगळाच पत्ता येऊन आदळला, हे जुनी नोंद वाचून ताडून बघावं लागतं. आणि ज्या फायद्यासाठी हे सगळं केलं, तो अनेकदा नकोच असतो. एकाच पानाची जाहिरात दोन ठिकाणी करणाऱ्याला दोन वेगळे कोड हवे असतात, नाहीतर कुठून किती लोक आले ते कळत नाही.

काउंटर: टक्कर नाही, पण रांग उघडी

एक आकडा वाढवत जायचा आणि तो बेस-६२ मध्ये लिहायचा. दहा लाखावी लिंक `4c92`, पुढची `4c93`. आपसात टक्कर होणं शक्यच नाही. सगळे कोड सात अक्षरी हवे असतील तर मोजणी 62^6 पासून सुरू करायची.

सगळे सर्व्हर एकाच काउंटरकडे धावतील, ही भीती गट वाटून जाते. प्रत्येक सर्व्हर मध्यवर्ती डेटाबेसकडून एकदम दहा हजार आकड्यांचा गट घेतो आणि स्वतःच्या मेमरीतून वाटतो. सर्व्हर मध्येच पडला तर उरलेले आकडे वाया गेले, गेले तर गेले. साडेतीन लाख कोटींच्या जागेत त्याची फिकीर नको.

खरी अडचण ही की `4c92` पाहणारा `4c93` टाकून बघणारच. शिवाय आज एक लिंक आणि उद्या एक लिंक बनवून स्पर्धक तुमचा रोजचा धंदा मोजू शकतो. यावर उपाय म्हणून आकडा उलटापालटा करतात:

```
code = base62((n * K) % 62**7)
```

इथे K ला २ किंवा ३१ ने भाग जाता कामा नये, म्हणजे दोन आकड्यांचा एकच कोड होत नाही. दिसायला कोड विस्कळीत होतात, पण ही गुप्तता नव्हे. लागोपाठचे दोन कोड मिळाले की त्यांच्या वजाबाकीतून K हाती येतो.

पसंतीच्या कोडाचा फासही इथेच बसतो. कुणी आज `4c92` स्वतःसाठी मागून घेतला आणि काउंटर उद्या तिथे पोचला, तर? म्हणून पसंतीच्या कोडात एक आडवी रेघ सक्तीची करायची, किंवा लांबीच वेगळी ठेवायची.

रँडम: एका अटीवर सगळ्यात सोपा

सुरक्षित रँडम जनरेटरमधून सात अक्षरं उचलायची, नोंद करायची, आधीच घेतलेला कोड निघाला तर दुसरा उचलायचा. पाचव्या वर्षाच्या शेवटीही नवा कोड आधीच घेतलेला असण्याची शक्यता १,९३० मध्ये एक. म्हणजे पुन्हा प्रयत्न करण्याचा खर्च नगण्य.

अट अशी की "आहे का बघ, नसेल तर लिही" अशा दोन पायऱ्या करायच्या नाहीत. दोन सर्व्हरनी एकाच क्षणी बघितलं तर दोघांनाही जागा रिकामी दिसते. तपासणी आणि लिहिणं एकाच फटक्यात व्हायला हवं. पोस्टग्रेसमध्ये:

```
INSERT INTO links (code, long_url)
VALUES ($1, $2)
ON CONFLICT (code) DO NOTHING;
```

शून्य ओळी घातल्या गेल्या, तर नवा कोड उचला.

मात्र हाच १,९३० चा आकडा उलट बाजूनेही वाचा. कुणी अंदाधुंद कोड टाकत बसला तर दर १,९३० प्रयत्नांमागे एक खरी लिंक त्याच्या हाती लागते. २०१६ साली मार्टिन जॉर्जिएव आणि विताली श्मातिकोव या संशोधकांनी हेच करून दाखवलं. लहान कोड चाळून त्यांनी लोकांच्या वनड्राइव्हवरच्या फाइली आणि गूगल मॅप्सवर शोधलेले रस्ते उघडे पाडले. मॅप्सचे कोड तेव्हा पाच अक्षरी होते, नंतर गूगलने ते अकरा-बारा अक्षरी केले. तेव्हा लिंक खासगी असतील तर रँडम घ्याच, पण सात अक्षरांवर थांबू नका.

| | टक्कर | अंदाज लावणं | लिहिताना तपासणी |
|---|---|---|---|
| हॅश | होते, सॉल्ट जोडून नवा हॅश काढावा लागतो | पत्ता माहीत असेल तर सोपं | हवी, जुना पत्ताही ताडावा लागतो |
| काउंटर | होत नाही | अगदी सोपं | पसंतीचे कोड वेगळे ठेवले तर नको |
| रँडम | क्वचित | लांबीवर अवलंबून | हवीच |

या तक्त्यातला शेवटचा रकाना डेटाबेस ठरवतो

बहुतेक उत्तरांत हा दुवा सुटतो. कसँड्रामध्ये साधा `INSERT` जुन्या नोंदीवर गुपचूप लिहितो, चूक दाखवत नाही. रँडम किंवा हॅश कोड तिथे तसाच टाकला तर एखाद्या जुन्या ग्राहकाची लिंक दुसऱ्याच्या पानावर जाऊ लागते आणि लॉगमध्ये काहीही दिसत नाही. `IF NOT EXISTS` लावता येतं, पण त्यासाठी रेप्लिकांमध्ये एकमत घडवावं लागतं आणि लिहिणं बरंच मंदावतं. म्हणून कसँड्राची जोडी काउंटरशी छान जमते. डायनॅमोडीबीत `attribute_not_exists(code)` ही अट लावली की रँडमही निर्धास्त चालतो.

आपल्या आकड्यांना मी पोस्टग्रेस आणि रँडम घेईन. ९०० जीबी, सेकंदाला १२ लिहिणी आणि वाचायला दोन-तीन रेप्लिका, एवढ्यात भागतं. मायएसक्यूएल घेणार असाल तर एक खड्डा चुकवा. त्याचं नेहमीचं कोलेशन लहान-मोठं अक्षर एकच मानतं, त्यामुळे `aB3` आणि `ab3` त्याला सारखेच. कोडच्या कॉलमला `utf8mb4_bin` द्या.

"भार शंभरपट झाला तर?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. मग साठवण ९० टीबी, लिहिणी सेकंदाला सुमारे १,१६०, आणि सात अक्षरांची जागा पाच टक्के भरलेली. रँडमला वीसात एकदा पुन्हा प्रयत्न करावा लागेल, तेही चालण्यासारखं आहे. शार्डिंग आता खरंच लागतं. काउंटरचे कोड क्रमाने पट्टे पाडून वाटले तर सगळी नवी लिहिणी शेवटच्या शार्डवर कोसळतात, म्हणून वाटणी कोडच्या हॅशवरून करा. (हॅशला इथे मात्र योग्य काम मिळतं.)

कॅश आणि रेप्लिका यांची आपसातली खोडी

जास्त उघडल्या जाणाऱ्या एक कोटी लिंक मेमरीत ठेवायला पाच जीबी पुरतात, तेव्हा कॅश परवडतो. कुणी खोटे कोड टाकत बसला तर प्रत्येक वेळी डेटाबेसला त्रास नको, म्हणून "असा कोड नाही" हेही पाचेक मिनिटं कॅशमध्ये ठेवतात. आता ही साखळी बघा: लिंक बनली, माणसाने लगेच उघडली, रेप्लिका अर्धा सेकंद मागे होती, उत्तर आलं "नाही", आणि ते "नाही" कॅशमध्ये बसलं. अर्ध्या सेकंदाची दिरंगाई पाच मिनिटांची ४०४ होते. ओळखायची खूण म्हणजे तक्रार फक्त ताज्या लिंकची येते आणि तपासायला जाईपर्यंत लिंक चालू झालेली असते. लिंक बनवतानाच ती कॅशमध्ये लिहा, म्हणजे पहिला वाचक रेप्लिकापर्यंत जातच नाही.

३०१ की ३०२

३०१ म्हणजे कायमचा बदल. ब्राउझर तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तुमच्याकडे न येता परस्पर जातो. सर्व्हरचा भार कमी होतो, पण परत येणाऱ्यांचे क्लिक मोजता येत नाहीत, आणि घातक निघालेली लिंक तुम्ही बंद केली तरी त्या ब्राउझरला ते कळत नाही. ३०२ ला प्रत्येक फेरी तुमच्याकडे येते. सेकंदाला सहा हजार रीडायरेक्ट कॅशमधून सहज जातात, मग लिंक बंद करण्याचा हक्क सोडून भार वाचवण्यात अर्थ नाही; ३०२ घ्या. फक्त क्लिकचा आकडा त्याच ओळीत `UPDATE` करून वाढवू नका, एखादी लिंक व्हायरल झाली की सगळ्या विनंत्या त्या एका ओळीच्या लॉकवर खोळंबतात. क्लिक रांगेत टाका आणि मागून एकगठ्ठा मोजा. बोर्डावर काफ्काचा चौकोन काढायचाच असेल, तर त्याची जागा ही.