अँटिबायोटिकनंतर दही, ताक की मेडिकलमधली पुडी?

दाढेच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी मला अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट दिलं होतं. ही गोळी पोट बिघडवण्यात पटाईत आहे, हे ज्यांनी घेतलीय त्यांना सांगायला नको. तेव्हापासून घरात कुणाचाही अँटिबायोटिकचा कोर्स सुरू झाला की दही, ताक की प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत सूक्ष्मजीवांची मेडिकलमधली पुडी किंवा कॅप्सूल, हा विषय निघतोच. मी डॉक्टर नाही. पण हे तिन्ही करून पाहिलेत आणि त्यावर काय अभ्यास झालेत तेही बऱ्यापैकी वाचलंय. कुणाला ठरवायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी वेळेचं बघू. आपल्याकडे कोर्स संपला की दही-ताक सुरू करतात. प्रोबायोटिकच्या बाजूने जो काही भक्कम पुरावा आहे, तो मात्र कोर्स चालू असताना घेण्याचा आहे, तोही पहिल्या दोन दिवसांत सुरू केल्याचा. अँटिबायोटिकने आतड्यातले नेहमीचे जिवाणू कमी व्हायला लागतात तेव्हाच तिथे कुणीतरी हजर असावं, असा त्यामागचा विचार. गोळ्या संपून आठवडा झाल्यावर महागडी कॅप्सूल सुरू करणाऱ्याला या पुराव्याचा आधार नाही.

उलट त्या बाबतीत एक वेगळीच गोष्ट समोर आलीय. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी 2018 मध्ये काही निरोगी माणसांना आठवडाभर सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडॅझोल दिलं. मग काहींना काहीच दिलं नाही, काहींना अकरा प्रकारच्या जिवाणूंचं प्रोबायोटिक चार आठवडे दिलं, तर काहींना कोर्सच्या आधी साठवलेले त्यांचेच आतड्यातले जिवाणू परत दिले. ज्यांना काही दिलं नव्हतं, त्यांचं आतडं तीनेक आठवड्यांत बरंचसं पूर्ववत झालं. प्रोबायोटिकवाल्यांचं पाच महिन्यांनीही झालं नव्हतं. बाहेरून आलेल्यांनी जागा अडवली आणि मूळचे परतायला वेळ लागला. माणसं एकवीसच होती आणि मोजलं ते जिवाणूंचं प्रमाण, कुणी आजारी पडलं असं नाही. त्यामुळे यावरून घाबरायचं कारण नाही. पण ‘घेतलं तर बिघडतंय कुठे’ हे वाक्य मी तेव्हापासून जरा जपून वापरतो.

आता कोर्ससोबत घेण्याबद्दल. लहान मुलांच्या बाबतीत पुरावा खरोखर चांगला आहे. तेहतीस चाचण्या एकत्र करून 2019 मध्ये जो कॉक्रेन आढावा निघाला, त्यात प्रोबायोटिक न घेणाऱ्या शंभरातल्या साधारण 19 मुलांना जुलाब झाले, घेणाऱ्यांतल्या 8 मुलांना. मात्र रोजचा डोस भरपूर हवा, म्हणजे किमान 500 कोटी जिवंत पेशी, आणि त्यातल्या त्यात भरवशाचे दोनच प्रकार: लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस आणि सॅकरोमायसिस बुलार्डी. म्हाताऱ्या माणसांचं चित्र वेगळं आहे. वेल्स आणि इंग्लंडमधल्या रुग्णालयांत पासष्टीच्या पुढच्या जवळपास तीन हजार रुग्णांवर मोठी चाचणी झाली, ती 2013 मध्ये छापून आली. तिथे प्रोबायोटिक घेणाऱ्यांत 10.8 टक्के आणि न घेणाऱ्यांत 10.4 टक्के लोकांना जुलाब झाले. म्हणजे फरक शून्य. प्रकार कोणता, डोस किती आणि रुग्ण कोण, यावर सगळं अवलंबून आहे.

माझं मत फिरलं ते इथेच. मेडिकलच्या काउंटरवर ‘प्रकार कोणता, डोस किती’ हे कळायला मार्ग नाही, हा माझा खरा वैताग. दाढेच्या वेळी मला मिळालेल्या स्ट्रिपवर गोळीच्या नावाला दोन अक्षरं चिकटलेली होती, ‘एलबी’. म्हणजे अँटिबायोटिकमध्येच लॅक्टिक ॲसिड बॅसिलस मिसळलेला. ‘प्रोबायोटिक आहे त्यात, वेगळं काही घ्यायला नको,’ असं काउंटरवरच्या मुलाने सांगितलं. घरी येऊन चष्मा लावून मागचा बारीक मजकूर वाचला. साठ मिलियन स्पोअर्स! आपल्या हिशोबात सहा कोटी. मुलांच्या चाचण्यांतला डोस 500 कोटींच्या पुढचा आणि हा सहा कोटी. दिवसाला दोन गोळ्या धरल्या तरी बारा. हे बीजाणू पोटातल्या आम्लातून तगून जातात हे खरं, पण इतक्या थोड्या संख्येने काय होणार, हा प्रश्न उरतोच.

मग मी दह्याचा हिशोब मांडला. दह्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक ग्रॅममागे किमान एक कोटी जिवंत जिवाणू मागतं. घरच्या ताज्या दह्याला कुणी मानक लावत नाही, पण नीट लागलेल्या दह्यात तेवढे सहज असतात, बहुधा जास्तच. म्हणजे एक मोठा चमचा दही, पंधरा ग्रॅम, झाले पंधरा कोटी. वाटीभर दही दीडशे कोटी. त्याच दह्याचं तिप्पट पाणी घालून ताक केलं तर पेलाभर ताकात पन्नास कोटीच्या आसपास. छापील सहा कोटींसाठी जास्तीचे पैसे मोजायचे आणि फ्रीजमधल्या वाटीकडे दुर्लक्ष करायचं, हे मला पटेना.

अर्थात नुसत्या संख्येने दही जिंकत नाही. विरजणातल्या जिवाणूंना दूध आंबवणं छान जमतं, आतड्यात तगणं तितकंसं नाही. पित्तरसात त्यातले बरेच मरतात आणि उरलेले मुक्कामाला राहत नाहीत. दह्यावरचे अभ्यास थोडे आणि आपसात न जुळणारे आहेत. अमेरिकेत 2003 मध्ये रुग्णालयातल्या 202 जणांवर पाहिलं, तेव्हा अँटिबायोटिकसोबत रोज दही खाणाऱ्यांत 12 टक्के लोकांना जुलाब झाले, न खाणाऱ्यांत 24 टक्के. निम्मे! पण कोण दही खातंय हे सगळ्यांना दिसत होतं, त्यामुळे निकालाचं वजन थोडं कमी होतं. ताकाच्या जवळ जाणारं केफिर नावाचं आंबवलेलं दूध 2009 मध्ये लहान मुलांना देऊन बघितलं. तिथे तुलनेला तेच पेय, फक्त तापवून जिवाणू मारलेलं, अशी चोख मांडणी होती. जिवंत जिवाणूंचं केफिर पिणाऱ्या गटात 18 टक्के मुलांना जुलाब झाले, दुसऱ्यात जवळपास 22. या फरकावरून काही ठरवता येत नाही.

मग ताक का प्यायचं? माझ्या मते त्याचं काम वेगळं आहे आणि ते काम ते चोख करतं. अँटिबायोटिकवर पोट ढिलं झालं की पाणी आणि मीठ जातं, तोंडाला चव नसते, जेवण नको वाटतं. अशा वेळी चिमूटभर मीठ आणि जिरेपूड घातलेलं पातळ ताक पोटात राहतं, जिथे दुधाचा चहासुद्धा नकोसा होतो. जुलाबानंतर काही दिवस दुधातली साखर पचवायला आतडं कुरकुरतं. दही लागताना त्यातली थोडी साखर खर्च झालेली असते आणि उरलेली पचवायला दह्यातले जिवाणू मदत करतात, हे मात्र चांगलं सिद्ध झालेलं आहे. दाढेच्या वेळी मला दोन्ही लागू पडली, पण घट्ट सायीचं दही दुपारी जड वाटायचं आणि ताक संध्याकाळपर्यंत पुन्हा हवंसं वाटायचं. माझ्या पोटाचा हा अनुभव, तुमचं वेगळं असू शकतं. जुलाब जोरात असतील तर मात्र ओआरएसच घ्यावं, त्याचं मीठ-साखरेचं प्रमाण ताकात नसतं.

ताक ताज्या दह्याचं आणि न तापवलेलं हवं. कढी चविष्ट असते, पण उकळी आल्यावर त्यात जिवंत काही राहत नाही. महिनोन्महिने टिकणाऱ्या खोक्यातल्या ताकाचंही तेच, ते टिकतं कारण ते तापवलेलं असतं.

एका बाबतीत दही-ताक खरोखर आडवं येतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन किंवा टेट्रासायक्लिन चालू असेल तर दह्यातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि ते रक्तात कमी जातं. सिप्रोच्या बाबतीत ही घट साधारण एक तृतीयांश मोजली गेलीय. तेव्हा गोळी घेऊन किमान दोन तास झाल्यावरच ताक प्यावं, आणि ताक आधी झालं असेल तर गोळीला चांगला लांब अवधी द्यावा, सहा तास म्हटले तरी चालेल. अमॉक्सिसिलिनला ही अडचण नाही.

पुडी मी सरसकट नाकारत नाही. भाचीला कानाच्या दुखण्यासाठी कोर्स दिला, तेव्हा बहिणीला मीच म्हटलं, ‘ताई, डॉक्टरांना विचारून पहिल्या दिवसापासून बुलार्डी दे.’ ते यीस्ट आहे, त्यामुळे अँटिबायोटिकने मरत नाही आणि वेळा सांभाळायची कटकट नाही. फक्त गरम पाण्यात कालवायचं नाही आणि सोबत बुरशीचं औषध चालू असेल तर उपयोग नाही. 250 मिलिग्रॅमच्या पुडीत साधारण 500 कोटी पेशी असतात, म्हणजे इथे आकडा जुळतो. पूर्वी अँटिबायोटिकवर वाईट जुलाब झालेली मुलं किंवा माणसं, यांच्यासाठी हा खर्च मला रास्त वाटतो. मात्र केमो चालू असलेल्या, प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या किंवा मोठ्या शिरेत नळी घातलेल्या रुग्णाला ही पुडी स्वतःच्या मनाने देऊ नये. अशांच्या रक्तात हे यीस्ट शिरल्याच्या नोंदी आहेत.

बाकी धडधाकट माणसाला पाच-सात दिवसांचा साधा कोर्स असेल, तर मी जेवणासोबत ताक ठेवतो आणि कॅप्सूलचे पैसे वाचवतो. कोर्स संपल्यावरही तेच. आतडं आपलं आपण सावरतं, ताक तोवर जेवण गोड लागायला मदत करतं.

हे सगळं साध्या पातळ शौचापुरतं. कोर्स चालू असताना किंवा संपल्यावर अगदी दोन-तीन महिन्यांनीसुद्धा दिवसाला तीन किंवा जास्त पाण्यासारखे जुलाब, ताप, पोटात कळा किंवा रक्त दिसलं, तर क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसाइल नावाच्या जिवाणूची शंका घ्यावी लागते. तेव्हा जुलाब थांबवायची गोळी आपल्या मनाने घेऊ नका, डॉक्टरकडे जा आणि कोणतं अँटिबायोटिक कधी घेतलं होतं ते न विसरता सांगा. शौचाची तपासणी त्यावरूनच ठरते.