अल्जिनेट, फोम, हायड्रोकोलॉइड की हायड्रोजेल? जखमेचा टप्पा पाहून ड्रेसिंग निवडताना

"जखम भरण्याचे टप्पे लिहा" हा प्रश्न आला की चारही टप्पे सगळ्यांना येतात. वॉर्डात प्रश्न उलट्या बाजूने येतो. सेक्रमवरचा बेडसोर उघडा आहे, ट्रॉलीवर चार प्रकारची ड्रेसिंग आहेत आणि यातलं एक उचलायचं आहे. त्या वेळी टप्प्याचं नाव आठवून फारसा उपयोग होत नाही. जखम किती पाझरते आहे आणि तिच्या तळाशी काय दिसतंय, यावर निवड ठरते. टप्पे शिकायचे ते हा पाझर का वाढतो आणि का कमी होतो हे कळावं म्हणून.

टप्पे, पण पाझराच्या नजरेतून

पहिला टप्पा रक्त थांबण्याचा. प्लेटलेट्स गोळा होतात, फायब्रिनची जाळी बनते, काही मिनिटांत काम होतं. इथे थांबायची गरज नाही.

दुसरा टप्पा दाहाचा. रक्तवाहिन्या रुंद होतात, त्यांच्या भिंती झिरपू लागतात आणि द्रव बाहेर येतो. म्हणून या टप्प्यातली जखम ओली असते. पहिल्या एक-दोन दिवसांत न्यूट्रोफिल येतात, तिसऱ्या दिवसाच्या सुमारास मॅक्रोफेज ताबा घेतात आणि मेलेल्या पेशींची साफसफाई करतात. साधारण चौथ्या दिवसापासून तिसरा टप्पा सुरू होतो: नव्या केशवाहिन्या, फायब्रोब्लास्ट, टाइप ३ कोलॅजन आणि डोळ्यांना दिसणारी लाल, दाणेदार ग्रॅन्युलेशन टिश्यू. पाझर हळूहळू ओसरतो आणि कडेच्या एपिथेलियल पेशी आतल्या बाजूला सरकू लागतात. या पेशींना सरकायला ओलसर पृष्ठभाग लागतो. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरच्या प्रयोगात हेच दाखवलं. उघड्यावर खपली धरलेल्या जखमांच्या तुलनेत पॉलिथिन फिल्मखालच्या जखमांवर त्वचा सुमारे दुप्पट वेगाने आली. तेव्हा "जखमेला हवा लागू द्या" हा सल्ला घरच्यांनी दिला तर समजून घ्या, पण आपण देऊ नका.

चौथा टप्पा त्वचा मिटल्यानंतरचा. टाइप ३ कोलॅजनच्या जागी टाइप १ येत राहतं आणि हे काम वर्षभर किंवा त्याहूनही जास्त चालतं. तरीही त्या जागेची ताकद मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांपलीकडे जात नाही. म्हणूनच भरलेला बेडसोर त्याच जागी पुन्हा फुटतो.

हे दिवसांचे आकडे ऑपरेशनच्या स्वच्छ जखमेचे आहेत, एवढं डोक्यात पक्कं ठेवा. बेडसोर दाहाच्या टप्प्यात आठवडेच्या आठवडे अडकून बसतो, कारण दाब चालूच असतो, स्लफ, म्हणजे मेलेल्या टिश्यूचा पिवळट थर, साचलेला असतो आणि जंतूंची संख्या जास्त असते. त्याच्या पाझरातले प्रोटीएज नवी टिश्यू तयार होता होता तोडत राहतात. शिवाय एकाच जखमेत एका कोपऱ्यात स्लफ आणि दुसऱ्या कोपऱ्यात लाल दाणे असं चित्र नेहमीच दिसतं. त्यामुळे "आज विसावा दिवस, म्हणजे तिसरा टप्पा" असा हिशेब इथे चालत नाही.

चौघांची तुलना

| ड्रेसिंग | पाझराचं काय करतं | कुठे चुकतं |
|---|---|---|
| अल्जिनेट | भरपूर शोषून जेल बनतं | कोरड्या जखमेत चिकटतं |
| फोम | मध्यम ते जास्त पाझर शोषतं | पोकळी भरत नाही |
| हायड्रोकोलॉइड | थोडा पाझर झाकून ओलसर ठेवतं | संसर्ग झालेल्या किंवा खूप ओल्या जखमेत |
| हायड्रोजेल | उलट ओलावा देतं | आधीच ओल्या जखमेत त्वचा पांढरी पडते |

अल्जिनेट समुद्री शेवाळापासून बनतं. त्यातलं कॅल्शियम आणि पाझरातलं सोडियम यांची अदलाबदल होते आणि तंतूंचं मऊ जेल होतं. म्हणजे पाझर नसेल तर जेलच बनत नाही आणि कोरडे तंतू तळाला चिकटून बसतात. याच्या नेमकं उलट हायड्रोजेल. त्याचा मोठा भाग पाणीच असतो. कोरडा, पिवळट स्लफ मऊ करून शरीराच्या स्वतःच्या एन्झाइम्सना तो सोडवायला ते मदत करतं. दोघांनाही वरून दुसरं ड्रेसिंग लागतं. "स्लफ आहे, मग हायड्रोजेल" असं पाठ करू नका. स्लफ ओला असेल तर ओलावा वाढवून काहीच साधत नाही.

हायड्रोकोलॉइडबद्दल एक आठवण. शिकत असताना मी ते पहिल्यांदा काढलं, तर खाली पिवळा, घट्ट, वास येणारा द्रव. मी "पू झालाय" असं चार्टवर लिहून मोकळी झाले. वरिष्ठ सिस्टरनी जखम सलाइनने धुवायला लावली आणि मग बघायला सांगितलं. तळ स्वच्छ लाल, कडा शांत, वास गेलेला. तो पू नव्हता, ड्रेसिंगमधलं जिलेटिन, पेक्टिन आणि कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज पाझरात विरघळून झालेलं जेल होतं. वास आणि रंगाचा निर्णय नेहमी जखम धुतल्यावर. धुऊनही वास राहिला, कडेला लाली आणि ऊब पसरली, दुखणं वाढलं, तर मात्र संसर्गाचा विचार करा आणि हायड्रोकोलॉइड पुन्हा लावू नका.

एक केस, सात आठवडे

सरावासाठी केस घेऊ. ६८ वर्षांचे गृहस्थ, स्ट्रोकनंतर अंथरुणाला खिळलेले, सेक्रमवर तिसऱ्या स्टेजचा, म्हणजे त्वचेची पूर्ण जाडी गेलेला बेडसोर. डोक्याकडून पायाकडे लांबी ६ सेंमी, रुंदी ४ सेंमी, खोली १.५ सेंमी. घड्याळाच्या १ ते ३ या दिशेला कडेखाली २ सेंमी पोकळी. तळाचा ६० टक्के भाग ओला पिवळा स्लफ, बाकी लाल. कालचं गॉज पूर्ण भिजलेलं, भोवतालची त्वचा पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी पांढरी आणि सुरकुतलेली. ताप नाही, कडेला लाली नाही.

आता एकेक बाद करू. हायड्रोजेल बाद, कारण ओलावा आधीच जास्त आहे. हायड्रोकोलॉइडही बाद, कारण एवढा पाझर त्याला झेपणार नाही, ते दिवसभरात कडेने सुटेल आणि खोल पोकळी रिकामीच राहील. नुसता फोम वरचा पाझर घेईल, पण पोकळीत द्रव साचत राहील. उरतं आत अल्जिनेट आणि वर फोम.

अल्जिनेटची दोरी एकाच तुकड्याची घ्यायची, कडेखालच्या पोकळीपर्यंत पोचवायची आणि टोक बाहेर दिसेल असं ठेवायचं. सैल भरायचं. ठासून भरलं तर नव्या केशवाहिन्यांवर आतूनच दाब येतो. किती तुकडे घातले हे चार्टवर लिहायचं, कारण जखम न भरण्याची जी अगदी साधी आणि लाजिरवाणी कारणं असतात, त्यातलं एक म्हणजे आत विसरलेला तुकडा. पांढऱ्या पडलेल्या त्वचेवर बॅरियर फिल्म. सुरुवातीला रोज बदल, पाझर आटोक्यात आल्यावर एक-दोन दिवसांआड. फोमवर उमटलेला डाग कडेजवळ पोचला की ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता ड्रेसिंग बदलायचं.

एका आठवड्यानंतर माप ६.२ × ४.२. म्हणजे २४ चौरस सेंमीवरून २६. इथे विद्यार्थी घाबरतात आणि ड्रेसिंग बदलायला निघतात. पण स्लफ ६० वरून ३५ टक्क्यांवर आला आहे. मेलेली टिश्यू सुटली की तिने झाकलेली खरी कड दिसते, म्हणून जखम मोठी वाटते. तळ लाल होतो आहे, तेव्हा योजना तीच ठेवायची.

तिसऱ्या आठवड्यात ५ × ३.५, म्हणजे १७.५ चौरस सेंमी. खोली ०.८, कडेखालची पोकळी जेमतेम अर्धा सेंमी, स्लफ १० टक्के. ड्रेसिंग उघडल्यावर अल्जिनेटचं जेल झालेलं नाही. तंतू कोरडे आहेत आणि ओढल्यावर दुखतंय. जखमेने स्वतःच सांगितलं की दाहाचा पूर ओसरला. सलाइनने भिजवून, पाच मिनिटं थांबून ते काढायचं आणि अल्जिनेट इथे थांबवायचं. खोली अजून आहे, म्हणून हायड्रोजेलने भिजवलेलं गॉज सैल भरून वर फोम. तीन आठवड्यांपूर्वी जे बाद केलं होतं तेच आज योग्य ठरलं, कारण पाझर बदलला.

सातव्या आठवड्यात ३ × २, खोली ०.२, स्लफ नाही, पाझर अगदी थोडा, कडेने फिकट गुलाबी नवी त्वचा. आता भरायला पोकळी नाही. निवड हायड्रोकोलॉइड आणि सिलिकॉन कडेचा पातळ फोम यांच्यात आहे. पुस्तकी उत्तर दोन्हीपैकी कुठलंही चालेल. हायड्रोकोलॉइड तीन ते सात दिवस राहू शकतं, जखमेच्या कडेपलीकडे दोन-तीन सेंमी येईल एवढं कापायचं आणि तळहाताने जरा वेळ दाबून धरायचं, उबेने ते नीट बसतं. पण या गृहस्थांना दिवसातून दोनदा पातळ शौच होतं. सेक्रमवर कूस बदलताना हायड्रोकोलॉइडची कड गुंडाळली जाते, खाली घाण शिरते आणि रोज ओढून काढावं लागलं तर नवी त्वचाही सोबत निघते. मी इथे सिलिकॉन फोम घेईन. तो एका कोपऱ्यातून उचलून बघता येतो आणि परत बसवता येतो. शौचाचा त्रास नसता तर हायड्रोकोलॉइडला हरकत नव्हती.

या सात आठवड्यांत कूस बदलणं आणि प्रथिनांचा आहार चालू होता असं मी धरलं आहे. दाब तसाच राहिला तर वरची सगळी चर्चा व्यर्थ आहे. दोन आठवडे नीट काळजी घेऊनही माप, स्लफ, पाझर यांपैकी काहीच हललं नाही, तर दुसरं ड्रेसिंग शोधण्याआधी दाब, आहार, साखर आणि हाडापर्यंतचा संसर्ग यांकडे डॉक्टरांचं लक्ष वेधायचं.

जिथे चारही नकोत

याच गृहस्थांच्या डाव्या टाचेवर एक काळी, कडक, कोरडी खपली आहे, घट्ट बसलेली, भोवती लाली नाही. कोरडी मेलेली टिश्यू दिसली म्हणजे हायड्रोजेलची ट्यूब उघडावी असं वाटतं आणि तोंडी परीक्षेत हा सापळा हमखास लावतात. टाचेवरची स्थिर खपली भिजवायची नाही, खरवडायची नाही. खाली रक्तपुरवठा कमी असेल तर ती खपलीच झाकणाचं काम करते. पावलाची नाडी तपासायची, टाच गादीपासून वर राहील अशी पोटरीखाली उशी द्यायची, जागा कोरडी ठेवायची आणि रोज बोटाने हलकेच दाबून बघायचं. मऊ लागली, खाली द्रव हलल्यासारखा वाटला, कडेला लाली आली किंवा ओल दिसली तर ती आता स्थिर नाही. मग ड्रेसिंग निवडत बसू नका, त्याच पाळीत डॉक्टरांना कळवा.