ऑनलाइन कोचला चार आठवड्यांनी पाठवायचा मेसेज : सहा महिन्यांच्या वापरानंतर

वजन कमी करण्यासाठी सहा महिने ऑनलाइन कोचिंग वापरल्यावर एक गोष्ट पक्की झाली. दर चार आठवड्यांनी जाणारा मेसेज नीट लिहिला, तरच पैसे वसूल होतात. कोच समोर नसतो. त्याला जे दिसतं ते या मेसेजमधूनच. 'बरं चाललंय, पण वजन अडकलंय' असं लिहिलं, तर उत्तरही तितकंच मोघम येतं.

वजन रोज सकाळी, शौचानंतर आणि चहाआधी करायचं, पण पाठवायची ती आठवड्याची सरासरी. आदल्या रात्री लग्नाचं जेवण झालं, की मीठ आणि भात-जिलबीमुळे अंगात पाणी धरतं आणि काटा सहज किलोभर वर जातो. ती चरबी नसते. पाळीच्या आधीही असंच पाणी धरतं, म्हणून बायकांनी तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी करावी.

नीट मेसेज असा दिसतो:

"सर, चार आठवड्यांची सरासरी 78.4, 77.5, 77.2, 77.2 किलो. कंबर बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, 92 वरून 90.5 सें.मी. स्क्वॉट 40 किलोला 8 रेप्स होते, आता 47.5 किलोला 8. बारापैकी अकरा वर्कआउट झाले. संध्याकाळी सहाच्या सुमारास फार भूक लागते. दुपारी प्रोटीन फक्त वरणातून मिळतं. भाजीतलं तेल मोजलेलं नाही. शेवटचे दोन आठवडे वजन हललं नाही, तर कॅलरी कमी करू का?"

पहिल्या आठवड्यानंतरची मोठी घट बरीचशी पाण्याची असते, त्यामुळे पुढचा वेग कमी दिसणारच. कंबर उतरतेय आणि स्क्वॉट वाढतोय, म्हणजे लगेच जेवण कापायचं कारण नाही. खरा धागा आहे तो तेलाच्या वाक्यात. मोठा चमचाभर, म्हणजे 15 मि.ली. तेलात सुमारे 120 कॅलरी असतात. किटलीतून अंदाजाने ओतताना रोज दोन चमचे जास्त पडले, तर 240 कॅलरी नोंदीबाहेर राहतात, आणि दिवसाला 300-400ची तूट ठरवली असेल तर तिचा मोठा भाग तिथेच जातो. म्हणून आधी आठवडाभर तेल मोजायचं, मगच आहार बदलायचा. ते वाक्य मेसेजमध्ये नसतं, तर कोचने बहुधा पोळी कमी केली असती.

प्रश्न दोनच विचारावेत. सात-आठ विचारले, की सोप्यांची उत्तरं मिळतात आणि महत्त्वाचा राहून जातो.

स्क्वॉटमध्ये गुडघे आत येतात का, हे मात्र कितीही लिहून कळत नाही. त्यासाठी सर्वांत जड सेटचा व्हिडिओ जोडावा: फोन कमरेच्या उंचीवर, तिरक्या कोनातून, पावलं फ्रेममध्ये. पूर्ण सेट पाठवावा, कारण गुडघे बहुतेक शेवटच्या दोन रेप्सना आत येतात आणि कापलेल्या व्हिडिओत नेमक्या त्याच नसतात.