ऊस जळाला: पंचनामा पोलिसांचा की तलाठ्याचा?

फडाला आग लागली, कुणीतरी लावल्याचा संशय आहे, आणि शेजारी विचारतात, पंचनामा कुणाकडून करून घ्यायचा?

पोलीस शोधतात ते कारण. दोन पंचांसमोर आग कुठून सुरू झाली, काडेपेटी की रॉकेलचा डबा सापडला, चतुःसीमा काय, हे लिहून वस्तू जप्त होते. खटला उभा राहिला तर पंचाला कोर्टात साक्षीला जावं लागतं. म्हणूनच पंच व्हायला कुणी पुढे येत नाही. १ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचं चित्रीकरणही बंधनकारक आहे.

तलाठ्याला आग कुणी लावली याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. गट नंबर, पीक, जळालेलं क्षेत्र, अंदाजे नुकसान, एवढंच त्याचं काम. घोळ होतो तो क्षेत्रात: ४० गुंठे जळाले आणि सातबाऱ्यावर तेवढ्या उसाची नोंदच नसेल, तर कागद अडकतो. सही करण्याआधी आकडे वाचा, कोऱ्या कागदावर तर सही नकोच.

माणसावर संशय असेल तर आधी पोलीस, राख हलवण्यापूर्वी. नुसती नुकसानीची नोंद हवी असेल तर तलाठी पुरे. दोन्ही हवं असेल, तर दोन्हीकडे वेगळा अर्ज द्या. एकाचा पंचनामा दुसऱ्याचं काम करत नाही.