नवे प्लॉट की मोठं मॉडेल? द्राक्षपानांच्या मॉडेलचा लर्निंग कर्व्ह वाचताना

तासगाव-पलूस पट्ट्यात फळछाटणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. डाऊनी या रोगाची खरी पानं मिळतात ती त्यानंतरच्या काही आठवड्यांत, आणि तीही पावसाने मुक्काम वाढवला तर. पानाच्या फोटोवरून डाऊनी, भुरी, करपा आणि निरोगी पान ओळखणारं मॉडेल कुणी करत असेल, तर त्याला छाटणीच्या आधीच ठरवावं लागतं की यंदाचा पैसा आणि वेळ गावोगाव फिरून फोटो गोळा करण्यात घालवायचा की जीपीयू भाड्याने घेऊन मोठं मॉडेल शिकवण्यात. दोन्ही पर्याय चुकू शकतात, पण चुकण्याची किंमत सारखी नाही. मोठं मॉडेल उन्हाळ्यातही शिकवता येतं. डाऊनीचा हंगाम हुकला की वर्ष गेलं.

हा निर्णय लर्निंग कर्व्ह पाहून घेता येतो. डेटाचा आधी लहान भाग, मग दुप्पट, मग चौपट असा वाढवत प्रत्येक वेळी मॉडेल नव्याने शिकवायचं आणि दोन चुका मांडायच्या. एक, शिकवलेल्या फोटोंवरची, म्हणजे ट्रेनिंगची चूक. दुसरी, कधीच न दाखवलेल्या फोटोंवरची, म्हणजे व्हॅलिडेशनची. ट्रेनिंगची चूक अगदी कमी, व्हॅलिडेशनची बरीच जास्त आणि ती अजून उतरते आहे, तर डेटा वाढवा. दोन्ही चुका जास्त, एकमेकींना चिकटलेल्या आणि आडव्या झालेल्या, तर मॉडेलची ताकद वाढवा. पाठ्यपुस्तकात इतकंच असतं, आणि ते बरोबरही आहे. गडबड होते ती ‘डेटा’ म्हणजे काय मोजलं यात.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण असे कर्व्ह प्रत्यक्षात दिसतात. ट्रेनिंगसाठी ६४ प्लॉट, प्रत्येकातून ४० फोटो, एकूण २५६०. व्हॅलिडेशनसाठी वेगळे १६ प्लॉट, तेही प्रत्येकी ४० फोटोंचे. मॉडेल रेसनेट-१८, सुमारे १ कोटी १७ लाख पॅरामीटरचं, आधी इमेजनेट या सर्वसाधारण फोटोंच्या मोठ्या संग्रहावर शिकवलेलं. आता डेटा लहानाचा मोठा दोन रीतींनी करता येतो. सगळे ६४ प्लॉट ठेवून प्रत्येकातले फोटो कमी करायचे, किंवा प्लॉटच कमी करून त्यातले सगळे फोटो ठेवायचे. एकूण फोटो दोन्हीकडे तेवढेच राहतात.

| एकूण फोटो | सगळे प्लॉट, थोडे फोटो: चूक % | थोडे प्लॉट, सगळे फोटो: चूक % |
|---|---|---|
| ३२० | २१.० (६४ × ५) | ३१.० (८ × ४०) |
| ६४० | १९.३ (६४ × १०) | २५.० (१६ × ४०) |
| १२८० | १८.६ (६४ × २०) | २१.० (३२ × ४०) |
| २५६० | १८.३ (६४ × ४०) | १८.३ (६४ × ४०) |

या सगळ्या व्हॅलिडेशनच्या चुका. ट्रेनिंगची चूक दोन्हीकडे १ ते ३ टक्क्यांत. मधला स्तंभ पाहणारा म्हणेल, कर्व्ह आडवा झाला, आता डेटाचा उपयोग नाही, मोठं मॉडेल घ्या. उजवा स्तंभ पाहणारा म्हणेल, प्रत्येक दुपटीला चूक उतरतेच आहे, डेटा हवा. डेटा तोच, मॉडेल तेच, तरी निदान उलट. कारण एका प्लॉटमधली पानं एकमेकांसारखी असतात: एकच वाण, एकच फवारणी, एकाच फोनचा कॅमेरा, त्याच सकाळचं ऊन. चाळिसावा फोटो दहाव्यापेक्षा फारसं नवं काही सांगत नाही. सोनाकाच्या जागी थॉमसनचा प्लॉट आला, किंवा कवठेमहांकाळकडची कोरडी हवा आली, तर सांगतो.

इथे नेहमीच्या साधनाचीही एक खोच आहे. `scikit-learn` मधल्या `learning_curve` ला `groups` देता येतो, पण तो ट्रेनिंग-व्हॅलिडेशनची विभागणी करतानाच वापरला जातो. त्यापुढचे लहान तुकडे ते फोटो मोजूनच पाडतं. `shuffle=True` दिलं की जवळजवळ सगळे प्लॉट प्रत्येक तुकड्यात शिरतात, म्हणजे मिळतो तो मधला स्तंभ. न दिलं तर ओळीतले पहिले फोटो घेतले जातात, आणि फाइल रोगानुसार लावलेली असेल तर पहिल्या तुकड्यात फक्त भुरीच येऊ शकते. उजवा स्तंभ हवा तर तुकडे स्वतः पाडा:

```python
order = rng.permutation(train_plots)
for k in (8, 16, 32, 64):
    mask = np.isin(plot_id, order[:k])
    model = fit(X[mask], y[mask])
```

`order[:k]` मुळे १६ प्लॉटमध्ये आधीचे ८ असतातच, त्यामुळे दोन बिंदूंमधला फरक नव्या प्लॉटचाच राहतो. प्लॉटचा क्रम बदलून हे तीन-चार वेळा करावं आणि सरासरी घ्यावी.

मोठ्या मॉडेलचा पर्याय याच चाचणीत शेजारी बसवायचा. रेसनेट-५० चे पॅरामीटर सुमारे २ कोटी ५६ लाख, दुपटीहून जास्त. समजा ८ प्लॉटवर त्याची चूक ३३ आली आणि ६४ प्लॉटवर १७.६. थोड्या डेटावर मोठं मॉडेल मागे, जास्त डेटावर किंचित पुढे, हे नेहमीचंच चित्र आहे. प्रश्न असा की ६४ प्लॉटवरच्या ०.७ टक्क्यांच्या फायद्यावर विश्वास ठेवायचा का? मी ठेवणार नाही. व्हॅलिडेशनला १६ प्लॉट आहेत. त्यातला एखादा विचित्र प्लॉट पूर्ण चुकला तर तेवढ्यानेच चूक ६.२५ टक्के हलते. म्हणून सरासरीऐवजी प्लॉटवार पाहावं: ३२ वरून ६४ प्लॉटवर गेल्यावर १६ पैकी १३ प्लॉट सुधारले आणि मोठ्या मॉडेलने १६ पैकी ९, तर पहिला फायदा खरा वाटतो, दुसरा नाणेफेकीच्या जवळचा.

मोठं मॉडेल घेण्याचं खरं कारण ट्रेनिंगच्या चुकीत दिसतं. इथे ती ३ टक्के आहे, म्हणजे लहान मॉडेलनेही शिकवलेलं जवळजवळ पाठ केलं आहे. ताकद कमी पडत असती तर पाठही झालं नसतं. इमेजनेटवर शिकलेले सगळे थर गोठवून फक्त शेवटचा थर शिकवला तर उलट चित्र येऊ शकतं: ट्रेनिंग १७, व्हॅलिडेशन १९, दोन्ही आडव्या. तिथे पन्नास नवे प्लॉट आणले तरी हाती फार काही लागणार नाही. पण तेव्हाही लगेच मोठं मॉडेल घेऊ नये, आधी गोठवलेले थर मोकळे करावेत. त्याला पैसे पडत नाहीत.

ट्रेनिंगची चूक मोजण्यात दोन ठिकाणी फसगत होते. फोटो फिरवून, कापून, उजेड बदलून शिकवत असाल आणि त्याच बदललेल्या फोटोंवर चूक मोजली, तर ती फुगून दिसते आणि ताकद कमी असल्याचा भास होतो. मूळ फोटोंवर, ड्रॉपआउट बंद ठेवून मोजा. दुसरी फसगत उलट दिशेची. सगळ्या तुकड्यांना सारखेच एपॉक, म्हणजे पूर्ण डेटावरून सारख्याच फेऱ्या दिल्या तर ८ प्लॉटच्या मॉडेलला ६४ च्या एक अष्टमांश पायऱ्या मिळतात. ते अर्धवट शिकतं, कर्व्हच्या डाव्या टोकाची चूक वाढते, कर्व्ह खोटाच तीव्र उतरतो आणि डेटा आहे त्याहून गुणकारी वाटतो. पायऱ्या सारख्या ठेवा, किंवा प्रत्येकाला चूक उतरायची थांबेपर्यंत शिकू द्या.

आता नव्या प्लॉटमधून किती मिळेल, ते बघू. उजव्या स्तंभात दुपटीगणिक घट ६, ४, २.७ आहे. प्रत्येक वेळी मागच्याच्या दोन तृतीयांश. चूक घात-नियमाने, म्हणजे पॉवर लॉने उतरून एका तळाशी थांबते तेव्हा असंच होतं. मग पुढची दुप्पट, म्हणजे १२८ प्लॉट, सुमारे १.८ देईल आणि चूक १६.५ वर येईल. त्यापुढची १.२. अशा सगळ्या घटींची बेरीज ५.४ भरते, म्हणजे तळ १२.९ च्या आसपास. चार बिंदूंवरून काढलेला तळ डळमळीतच असतो, एका बिंदूत अर्धा टक्का हलला तरी तो बराच सरकतो. एका दुपटीपुरता अंदाज धरावा, त्यापलीकडे दिशा समजावी.

नवे प्लॉट वाटतात तेवढे महागही नाहीत. मधला स्तंभ आता कामाला येतो: प्लॉटमागे १० वरून ४० फोटोंवर गेल्याने फक्त १ टक्का मिळाला. मग नव्या ६४ प्लॉटमधून प्रत्येकी १० फोटो पुरेत. लेबल लावायला २५६० ऐवजी ६४० फोटो. घट १.८ पेक्षा थोडी कमी येईल, पण मेहनत पाव. खर्च येतो तो पेट्रोलचा आणि बागायतदारांच्या वेळेचा, म्हणून एकाच गावात दहा प्लॉट करण्यापेक्षा मिरज, जत, वाळवा असं पांगवावं. तयार डेटासेटवर वेळ काढायचा विचार असेल तर पाहून घ्या: प्लांटव्हिलेजमध्ये द्राक्षाचे ब्लॅक रॉट, एस्का, लीफ ब्लाइट आणि निरोगी पान आहेत, डाऊनी आणि भुरी नाहीत. शिवाय ते फोटो तोडलेल्या पानाचे, साध्या पार्श्वभूमीवरचे. त्याच संग्रहावर २०१६ मध्ये छापलेल्या अभ्यासात बाजूला ठेवलेल्या फोटोंवर अचूकता ९९.३५ टक्के होती आणि वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर ती ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली.

तर या उदाहरणात माझं मत नव्या प्लॉटच्या बाजूने आहे, पण गरज १६-१७ टक्के चुकीत भागणार असेल तरच. सल्ला देण्यासाठी १० टक्क्यांच्या आत यायचं असेल तर १२.९ चा तळ सांगतो की नुसत्या प्लॉटनी तिथे पोचणं अवघड आहे, आणि ३ टक्क्यांची ट्रेनिंगची चूक सांगते की मोठ्या मॉडेलनेही नाही. तेव्हा तळ कशाचा आहे ते शोधावं लागतं. २०० फोटो दोन जाणकारांना वेगवेगळे द्या. २० फोटोंवर त्यांचं जुळलं नाही तर तो वाद डेटातच आहे. ट्रेनिंगच्या चुकीत हे दिसत नाही, कारण मॉडेल चुकीचं लेबलही पाठ करतं. त्यांचं जुळत असेल तर फोटोचा आकार पाहा. २२४ पिक्सेलवर आणलेल्या फोटोत डाऊनीचा सुरुवातीचा तेलकट पिवळा डाग पुसट होऊन जातो. ४४८ वर तेच मॉडेल पुन्हा शिकवून बघायला एक रात्र लागेल. आणि पुढच्या फेरीत पानाच्या वरच्या बाजूसोबत खालच्या बाजूचाही फोटो घ्या. डाऊनीची पांढरी बुरशी तिथे येते, आणि वरून काढलेल्या फोटोत ती कुठल्याच मॉडेलला सापडायची नाही.